‘टाका’ हे नाव का सोडावं लागलं: शिलाई मशीनच्या एका चॅनेलचं प्रकरण

गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील आणि हँडल बदलली आहेत. नावावरून झालेली भांडणं मात्र जशी झाली तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

इचलकरंजीच्या बाजूला एका गावात एक काका तीसेक वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतात. पायाची, हाताची, मोटर बसवलेली, कुणाच्या सासूबाईंनी जपून ठेवलेली, जी येतील ती. त्यांची पुतणी पुण्यात नोकरी करते. २०२३ च्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा काका एका बाईंना फोनवरून समजावत होते, की सुई उलटी बसली आहे, तिची चपटी बाजू कुठे हवी ते बघा. तो फोन पंधरा मिनिटं चालला. पुतणी म्हणाली, “काका, हेच एकदा व्हिडिओत सांगा ना. दर वेळी घसा कशाला कोरडा करायचा?” चॅनेल सुरू झालं ते असं.

मी व्हिडिओ आणि आवाजाच्या संपादनाचं काम करतो आणि पुतणी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. पहिल्या दिवसापासून मी यात होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

नाव ठरायला दहा मिनिटं लागली. पुतणीने ‘टाका’ सुचवलं आणि मला ते लगेच आवडलं. दोन अक्षरी, अस्सल मराठी, शिवणाशी थेट नातं, शिवाय लोगोमध्ये ‘ट’च्या पोटातून दोरा काढता येईल वगैरे. काकूंनी तेवढ्यात विचारलं होतं, “टाका म्हणजे? काय टाका?” आम्ही हसलो. काकू घरी शिलाईकाम करतात, म्हणजे ज्यांच्यासाठी हे चॅनेल होतं त्यांच्यातल्याच त्या एक. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेणं ही आमची पहिली चूक होती.

`@taka` हे हँडल अर्थातच मिळालं नाही. यूट्यूबवर चॅनेलचं नाव एकाच वेळी कितीही जणांचं सारखं असू शकतं, पण हँडल एकाचंच असतं. मग शेपूट लावून `@taka.shilai7` घेतलं. सात का, तर सहापर्यंतचे आकडे लावून बघितले होते आणि कंटाळा आला होता. काकांनी त्या हँडलचा क्यूआर कोड असलेले दोनशे स्टिकर छापून घेतले आणि दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनच्या पाठीवर एकेक चिकटवायला सुरुवात केली.

अडचण कशी लक्षात आली

चार महिन्यांत सोळा व्हिडिओ झाले. व्हिडिओ वाईट नव्हते. ‘पायाच्या मशीनचा दोरा सारखा तुटतो’ हा तर बऱ्यापैकी बघितला गेला. पण बघून गेलेली माणसं परत येत नव्हती आणि दुकानात रोज एकच तक्रार होती. “काका, तुमचं चॅनेल सापडत नाही.” हे सांगणारे लोक दुकानात समोर उभे असायचे. म्हणजे शोधायची इच्छा होती, नाव माहीत होतं आणि तरी सापडत नव्हतं.

मी ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स उघडून यूट्यूब सर्चखाली कोणत्या शब्दांवरून लोक आले ती यादी बघितली. नाव चालतंय की नाही हे ओळखायची ही सगळ्यात सरळ जागा. चॅनेलचं नाव लोकांच्या तोंडी बसलं असेल तर ते या यादीत कुठल्या ना कुठल्या स्पेलिंगने दिसतंच. आमच्या यादीत ‘shilai machine dora tutne’, ‘silai machine thread problem’, ‘मशीन जड चालते’ असं बरंच काही होतं. ‘टाका’ कुठल्याच रूपात नव्हतं.

मग आम्ही स्वतः शोधून बघितलं. आपल्याच फोनवर शोधलं तर यूट्यूब आपल्या सवयी ओळखून आपलंच चॅनेल वर आणतं, म्हणून इन्कॉग्निटो खिडकीत शोधलं. `taka` टाइप केल्यावर बांगलादेश समोर आला. टाका हे तिथल्या चलनाचं नाव, आणि घरबसल्या टाका कसे कमवावेत यावर बंगालीत व्हिडिओंचा महापूर आहे. त्या पुरात सोळा व्हिडिओंचं मराठी चॅनेल दिसणं शक्यच नव्हतं.

देवनागरीत तरी बरं असेल असं वाटलं होतं, पण तिथे आपलीच भाषा आडवी आली. मराठीत ‘टाका’ हे नाम आहे त्याहून कितीतरी जास्त वेळा ते क्रियापद म्हणून येतं. चवीपुरतं मीठ टाका. झाडाच्या मुळाशी हे खत टाका. डिलिव्हरीनंतरचे टाके, किल्ल्यांवरची पाण्याची टाकी, सगळं त्याच घोळक्यात. काकूंनी दहा मिनिटांत विचारलेला प्रश्न यूट्यूबही आम्हाला विचारत होतं, की काय टाका?

तिसरी गोष्ट लक्षात यायला दुकानात बसावं लागलं. एका ताईंनी माझ्यासमोर फोन काढून माइकचं बटण दाबलं आणि “टाका” म्हणाल्या. फोनची भाषा इंग्रजी होती. पडद्यावर उमटलं `talk a`. त्यांनी पुन्हा जोरात म्हटलं, पुन्हा तेच. आपल्याकडे टाइप करायला कंटाळणारे, किंवा जोडाक्षरांपाशी अडणारे, बरेच जण बोलूनच शोधतात. एक छोटा शब्द आणि त्याच्या आजूबाजूला काहीच नाही, अशा वेळी यंत्राला अंदाज बांधायला दुसरा शब्दच मिळत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे नाव तेच ठेवून शेपूट वाढवायची: ‘टाका शिलाई मशीन’. स्टिकर वाया जाणार नव्हते, म्हणून काकांचा कल इकडे होता. पण बोलताना लोक शेपूट गाळतात. तोंडी नाव ‘टाका’च राहणार आणि आम्ही परत बांगलादेशात.

दुसरा पर्याय काकांचा स्वतःचा: ‘शिलाई मशीन दुरुस्ती’. “दुकानाच्या बोर्डावर तेच हाय की, लोकास्नी कळतंय.” वरवर हे अगदी बरोबर वाटतं. लोक शोधतात तेच शब्द नावात. पण दुकानाचा बोर्ड रस्त्यावर एकटा असतो. यूट्यूबवर त्या गल्लीत शंभर दुकानांवर तोच बोर्ड आहे. हिंदीत ‘सिलाई’ असल्यामुळे `shilai` लिहिलं तरी हिंदी व्हिडिओ मिसळून येतात. तो शब्द शोधणाऱ्याला दुरुस्ती सापडेल, पण काका सापडतीलच असं नाही. शिवाय ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार सेवेचं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही. उद्या दुसऱ्या कुणी तेच नाव घेतलं तर बोलायची सोय नाही. आम्ही ठरवलं, की हे शब्द हवेतच, पण त्यांची जागा व्हिडिओच्या शीर्षकात. चॅनेलच्या नावाचं काम वेगळं आहे. ज्याला आपण आधीच आवडलो आहोत त्याला परत आपल्यापर्यंत आणायचं.

तिसरा पर्याय पुतणीचा, आणि तो धोक्याचा होता. काकांकडे सगळ्यात जास्त मशीन उषाची येतात, म्हणून ‘उषावाले काका’. नाव सुरेख आहे, जिभेवर बसतं, स्पेलिंगची भानगड नाही. पण ‘उषा’ हे शिलाई मशीनच्याच धंद्यातलं नोंदणीकृत नाव आहे. ‘उषाच्या मशीनचं शटल असं काढा’ असं व्हिडिओच्या शीर्षकात लिहिणं म्हणजे आपण कशावर काम करतोय याचं प्रामाणिक वर्णन झालं. तेच नाव चॅनेलच्या पाटीवर लावलं, की बघणाऱ्याला वाटतं हे कंपनीचंच माणूस आहे. त्यातून पुढे तक्रार आली तर चूक आपलीच. हा पर्याय पाच मिनिटांत सोडला, आणि या सगळ्या प्रकरणात आम्ही एवढ्या झटकन घेतलेला बरोबर निर्णय हा एकच.

उरले तीन: ‘शिवणज्ञान’, ‘मशीन डॉक्टर’ आणि ‘बॉबिन काका’.

शेवटचं नाव आमचं नव्हतंच. काका जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत एक गोष्ट करतात. बॉबिन म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ. ते बॉबिन केसमध्ये घालतात, दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लोंबकळत ठेवतात आणि मनगटाला हलका झटका देतात. केस एक-दोन इंच खाली सरकून थांबली तर खालच्या दोऱ्याचा ताण बरोबर. सरसर खाली गेली तर ढिला, हललीच नाही तर घट्ट. मग केसवरचा तो बारीक स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि परत लोंबकळवायचं. बघायला मजा येते. कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, “ते बॉबिनवाले काका आहेत ना, त्यांचा नवीन व्हिडिओ कधी?” ॲनालिटिक्सच्या त्या यादीतही अगदी तळाशी `bobin wale kaka` असं एक रूप सापडलं. चार महिने आम्ही ‘टाका’ म्हणून ओरडत होतो आणि लोकांनी स्वतःच नाव ठेवून टाकलं होतं.

कानाची चाचणी

या वेळी आमच्या आवडीवर ठरवायचं नाही असं ठरलं. पुतणीने एक साधी चाचणी काढली. काकांच्या ओळखीतल्या नऊ जणांना फोन करायचा, एकेकाला तिन्हीतलं एकच नाव एकदाच सांगायचं आणि म्हणायचं, हे यूट्यूबवर जसं शोधाल तसं टाइप करा आणि त्या पडद्याचा फोटो पाठवा. स्पेलिंग सांगायचं नाही. त्यांनी विचारलं तरी नाही. शोधाचा निकाल काय आला याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. कानाने ऐकलेलं अंगठ्यातून काय होऊन बाहेर पडतं, एवढंच बघायचं होतं.

‘शिवणज्ञान’ तिथल्या तिथे बाद झालं. तिघांनी तीन प्रकारे लिहिलं: `shivan gyan`, `shivandnyan` आणि `शिवणध्यान`. ‘ज्ञ’ हे अक्षर रोमनमध्ये लिहायची मराठीत एकच अशी रीत नाही. कुणी dny लिहितं, कुणी हिंदीच्या वळणाने gy. मराठी नाव ठेवताना ही अशी अक्षरं आधीच वेगळी काढावीत. ‘ज’ आणि ‘झ’ कधी j तर कधी z होतात, म्हणून ‘माजघर’सारखा गोड शब्दही फुटतो. ‘व’चा v की w, लांब ‘आ’ला एक a की दोन, ‘ओसरी’ म्हणजे `osri` की `osari`, प्रत्येक ठिकाणी माणसं वाटली जातात. एका नावात असा एक फाटा असेल तर निभावतं. दोन-तीन असतील तर स्पेलिंगची संख्या गुणाकाराने वाढते.

‘मशीन डॉक्टर’ला तिघांनीही जवळपास सारखंच लिहिलं. दोघांनी `machine doctor`, एकाने देवनागरीत. स्पेलिंगच्या परीक्षेत पहिला नंबर.

‘बॉबिन काका’चं थोडं पसरलं: `bobin kaka`, `bobbin kaka` आणि एका मावशींनी देवनागरीत `बाबीन काका`, कारण त्या मुळात बाबीनच म्हणतात. तीन रूपं आली, पण तिन्ही एकमेकांच्या जवळची. एका b चा फरक सर्च सहज झेलतं. बोलून शोधणाऱ्यांची वेगळी चाचणी घेतली, तेव्हा ‘काका’ हा दुसरा शब्द असल्यामुळे माइक एकदाही भलतीकडे गेला नाही.

देवनागरीत एक छुपी भानगड मात्र निघाली. पुतणीच्या लॅपटॉपवर नाव लिहिलं होतं ते ‘बाॅबिन’. माझ्या फोनवर ‘बॉबिन’. डोळ्यांना जवळपास सारखंच दिसतं, पण पहिल्यात काना वेगळा आणि त्यावर चंद्र वेगळा असे दोन तुकडे जोडलेले असतात, तर दुसऱ्यात ‘ॉ’ हे एकच चिन्ह असतं. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. पानावर शोधा म्हटलं तर एकाला दुसरा सापडत नाही. यूट्यूबचं सर्च हा फरक किती सांभाळून घेतं यावर विसंबण्यापेक्षा सगळीकडे एकच रूप वापरायचं ठरवलं. प्रमाण चिन्हाचं, म्हणजे ‘बॉ’. ज्यांच्या नावात बॉ, डॉ, कॉ किंवा ॲ आहे त्यांनी आपलं नाव एकदा अक्षर अक्षर खोडून बघावं. बॅकस्पेसच्या एका फटक्यात ‘ॉ’ किंवा ‘ॲ’ पूर्ण जायला हवा. चंद्र जाऊन काना किंवा ‘अ’ उरला तर रूप चुकीचं आहे.

टक्कर आहे का

चाचणीत ‘मशीन डॉक्टर’ पुढे होतं, म्हणून आधी त्याची तपासणी केली. यूट्यूबवर नाव अवतरणचिन्हांत घालून शोधलं आणि निकालांना ‘चॅनेल’चा फिल्टर लावला. वॉशिंग मशीनवाले, जेसीबीवाले, लेथवाले, सगळे मशीन डॉक्टर. नकाशात शोधलं तर त्याच नावाची दुकानं गावोगाव. नाव सोपं होतं म्हणूनच ते सगळ्यांना सुचलं होतं. नियम असा सांगता येणार नाही, पण अनुभव असा, की पहिल्या मिनिटाला सुचलेलं सोपं नाव दुसऱ्या कुणाला तरी आधीच सुचलेलं असतं.

‘बॉबिन काका’ला यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि पॉडकास्टच्या ॲपमध्ये शोधलं. काका भरपूर होते, पण बॉबिनसोबतचे नव्हते. मग आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा पब्लिक सर्च. तो सगळ्यांना फुकट उघडा आहे, पण बरेच जण फक्त हुबेहूब नाव शोधून ‘काही नाही’ म्हणून बाहेर पडतात. त्यात वर्डमार्कखाली ‘कंटेन्स’ निवडून नावातला मुख्य शब्द तेवढा शोधायचा आणि मग फोनेटिक शोध वेगळा करायचा. कारण आक्षेप घेताना नाव कानाला सारखं लागतं का, हेही बघितलं जातं. शोध वर्गवार असतो. आमच्या कामाचे वर्ग दोन: ४१, म्हणजे शिक्षण आणि मनोरंजन, ज्यात व्हिडिओ येतात, आणि ३७, म्हणजे दुरुस्तीची सेवा, कारण चॅनेलमागे दुकान आहे. मी वर्ग ७ सुद्धा बघितला, कारण शिलाई मशीन त्यात मोडतात. आमच्या कामाला अडेल असं काही दिसलं नाही.

निर्णय आणि अंमल

‘बॉबिन काका’ ठरलं. हँडल कोणत्या लिपीत घ्यायचं यावर मात्र वाद झाला. यूट्यूब देवनागरी हँडल देतं आणि पुतणीला तेच हवं होतं. माझा विरोध दोन कारणांनी होता. एक, इन्स्टाग्रामवर हँडल फक्त रोमन अक्षरांत मिळतं, म्हणजे दोन्हीकडे एकच हँडल राहणार नाही. दोन, देवनागरी दुवा कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की पुष्कळदा तो `%E0%A4%AC…` असा टक्क्यांच्या माळेत बदलतो. शिलाईकाम करणाऱ्या एखाद्या ताईंना तसला दुवा आला तर त्या तो फसवणुकीचा समजून उघडणारच नाहीत. शेवटी हँडल रोमन, `@bobbinkaka`. आणि चॅनेलचं नाव दोन्ही लिप्यांत: ‘बॉबिन काका Bobbin Kaka’.

नावाची वेगळी भाषांतरं भरायची सोय स्टुडिओत आहे, पण ती बघणाऱ्याच्या ॲपच्या भाषेप्रमाणे दिसतात. आमचे बरेच प्रेक्षक ॲप इंग्रजीत ठेवतात आणि शोधतात देवनागरीत. त्यांना दोन्ही रूपं एकत्रच दिसायला हवी होती. `bobin` आणि ‘बाबीन’ ही रूपं चॅनेलच्या माहितीत एका सरळ वाक्यात घातली: “कुणी बाबीन म्हणतं, कुणी bobin लिहितं, काका तेच.” कीवर्डच्या रकान्यातही टाकली. त्या रकान्याने फार काही होतं असं मला वाटत नाही, पण भरायला अर्धं मिनिट लागतं.

यूट्यूबवर नाव आणि हँडल १४ दिवसांत दोनदाच बदलता येतात, म्हणून घाईत बदलून परत सुधारत बसायचं नाही असं ठरवून एकाच संध्याकाळी सगळं केलं. पुढच्या चार व्हिडिओंच्या सुरुवातीला काका म्हणाले, “आधीचं टाका, आता बॉबिन काका.” यमक योगायोगाने जुळलं आणि लोकांना ते आवडलं.

आणि मग स्टिकर. हँडल बदलल्यावर जुनं हँडल १४ दिवस आपल्यासाठी राखून ठेवलेलं असतं, तेवढे दिवस जुना दुवाही चालतो. पंधराव्या दिवसापासून गावोगावच्या मशीनच्या पाठीवर चिकटलेले सत्तर-ऐंशी क्यूआर कोड मुके झाले. हे मला माहीत असायला हवं होतं. प्रत्येक चॅनेलला `youtube.com/channel/UC…` असा एक मूळ दुवा असतो. नाव बदला, हँडल बदला, तो बदलत नाही. छापायच्या कोडमध्ये तोच घालायचा आणि वाचायला खाली हँडल लिहायचं. नवे स्टिकर आम्ही तसे केले, पण जुने ऐंशी तर गेलेच.

काय झालं

नाव बदलल्यावर व्हिडिओ एकदम चालायला लागले, असं काही झालं नाही. नवीन माणूस पूर्वीसारखाच ‘दोरा तुटतो’ शोधत येतो. फरक पडला तो परत येणाऱ्यांत. दोन महिन्यांनी सर्चच्या यादीत `bobin kaka`, `bobbin kaka machine`, ‘बॉबिन काका’ वरच्या ओळींमध्ये आले. तिथे आमचं नाव पहिल्यांदाच दिसलं. दुकानातली ‘सापडत नाही’ ही तक्रार बंद झाली.

नंतर पुतणीने काकांच्या गप्पांचं पॉडकास्ट काढलं. तिथे तिला नाव ‘बॉबिन काका: शिलाई मशीन दुरुस्ती, टिप्स, शिवणकाम मराठी’ असं लांबलचक ठेवायचं होतं. ॲपल पॉडकास्टला शीर्षकात असे शोधशब्द कोंबलेले चालत नाहीत, त्यावरून कार्यक्रम नाकारला किंवा काढला जाऊ शकतो. म्हणून तिथे फक्त ‘बॉबिन काका’ आणि बाकीचे शब्द भागांच्या शीर्षकांत.

एक काटा राहिला. आठेक महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दुकानाने पाटीवर ‘बॉबिन काका सर्व्हिस सेंटर’ लिहिल्याचा फोटो एका प्रेक्षकाने पाठवला. नाव ठरवताना ट्रेडमार्कचा अर्ज करायचा का हा प्रश्न आला होता आणि मी म्हणालो होतो, “काका, आधी चालू तर द्या, मग बघू.” व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. दोन वर्गांचे नऊ हजार काकांना तेव्हा जड वाटले आणि मी त्यांना तसं वाटू दिलं.

पुन्हा करायचं झालं तर

कानाची चाचणी पहिल्याच दिवशी घेतली असती. नऊ फोन, एक दुपार, खर्च शून्य. ‘टाका’ पहिल्या तीन फोनांतच पडलं असतं. खरं तर काकूंनी ते पाडलंच होतं.

नाव लगेच पक्कं न करता सुरुवातीचे सात-आठ व्हिडिओ काकांच्या स्वतःच्या नावाने टाकून लोक काय म्हणतात ते ऐकायलाही हरकत नव्हती, असं पुतणीचं मत आहे. मला ते अर्धंच पटतं. लोकांनी ‘बॉबिनवाले काका’ म्हटलं कारण काकांची ती एक लकब होती. तशी लकब नसेल तर वाट बघूनही नाव मिळेलच असं नाही. पण छपाई तेवढे दिवस थांबवायला हवी होती, यावर आमचं एकमत आहे.

ट्रेडमार्कचा अर्ज मी आता नाव ठरतं त्याच आठवड्यात करायला सांगतो, निदान ज्या वर्गातून पोटाला मिळतं त्या एका वर्गात. आमच्यासाठी तो ३७ होता, ४१ नव्हता. नाव उचललं ते दुकानाने, चॅनेलने नाही. नंतर अर्ज करताना आपण नाव कधीपासून वापरतोय हे सांगायचं तर प्रतिज्ञापत्रासोबत पुरावे जोडावे लागतात. सुदैवाने नाव बदलल्यानंतरच्या पहिल्या व्हिडिओची तारीख, स्टिकरच्या छपाईचं बिल आणि नव्या नावाच्या पावत्या पुतणीने जपून ठेवल्या होत्या. वर्ग ३७ चा अर्ज आता केला आहे. मंजूर झाला तर ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होईल आणि मग चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येईल. तोवर आम्ही नावापुढे ‘टीएम’ लावतो. ‘आर’चं गोल चिन्ह नोंदणी होण्याआधी लावायला कायद्याने मनाई आहे, म्हणून पाटी रंगवणाऱ्याने आपणहून काढलेलं ते चिन्ह काकांनी त्याच्याकडून पुसून घेतलं.

त्या दुसऱ्या दुकानदाराला काकांनी स्वतः फोन केला. तो म्हणाला, “तुमचे व्हिडिओ बघूनच शिकलो हो काका, म्हणून नाव ठेवलं.” काका फोन ठेवून बराच वेळ काही बोलले नाहीत. नोटीस पाठवायची का, हे अजून ठरलेलं नाही.